अर्ध्या मिनिटाची धूळ

सगळं जग धूळ झटकतं. ही बाई धूळ लावायची, आणि तीही इतकी बेमालूम की बघणाऱ्याने फक्त शिंकायचं बाकी. म्हणून तिचं नाव पडलं धूळताई. खरं नाव बँकेच्या पासबुकात होतं, तेवढं तिथेच राहिलं.

धंदा असा होता. काल-परवा शूट केलेला व्हिडिओ तिच्याकडे यायचा, लखलखीत, ओला चमचा पुसून ठेवल्यासारखा. गिऱ्हाईक म्हणायचं, "ताई, हे चाळीस वर्षांपूर्वीचं वाटलं पाहिजे." कुणाला गाण्याचा व्हिडिओ जुना हवा, कुणाला बिस्किटाची जाहिरात, कुणाला स्वतःचं लग्न. आता स्वतःचं लग्न आजी-आजोबांच्या लग्नासारखं का दिसायला हवं, हे विचारायचं नाही. हौसेला मोल नसतं आणि धूळताईला तोंड नव्हतं.

बोलायचं काम दादाकडे. दादा म्हणजे तिचा सख्खा मामेभाऊ, तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांचा स्टुडिओ. पुढच्या खोलीत दादा, त्याचे दोन फोन आणि त्याचं गोड बोलणं. मागच्या खोलीत धूळताई, काळे पडदे आणि राखाडी भिंती. भिंतीला रंग असला की डोळा फसतो, म्हणून राखाडी. अठरा वर्षं असं चाललं होतं. ती जेवायची विसरली तर दादा डबा आणून पुढ्यात ठेवायचा आणि म्हणायचा, "आधी गिळ, मग धूळ पाड." तिची आई गेली तेव्हा तेरा दिवस स्टुडिओला कुलूप लावून तिच्या घरी बसला होता हा माणूस. तिने त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला तो काही उगाच नाही.

एरवी गरीब गाय असलेल्या या बाईचा पारा एकाच गोष्टीने चढायचा. फोनमधलं ते जुन्याचं बटण. दाबलं की चित्र पिवळं, वर चार रेघा, झालं जुनं! "अरे, धूळ अशी पडते का कधी?" ती पडद्यासमोर हात नाचवायची. "धुळीचा कण एका फ्रेममध्ये असतो. सेकंदाच्या चोविसाव्या भागात दिसला न दिसला की गेला. पुढच्या फ्रेमवर दुसराच कण. आणि कॅमेऱ्याच्या खिडकीत केस अडकला असेल, तर तो मात्र हलत नाही, संपूर्ण शॉटभर तिथेच वळवळत बसतो. यांचे कण बघा, माश्यांसारखे घोंगावतायत!"

तिचं स्वतःचं काम सावकाश चालायचं. आधी चित्राची धार मारायची. मग रंग उडवायचे, पण सगळे सारखे नाही. जुन्या फिल्ममध्ये निळसर छटा आधी विरते, म्हणून चित्र लालसर पडतं आणि काळा रंग काळा न राहता तपकिरी होतो. मग रवाळपणा. मग चित्राला किंचित डुलवायचं, कारण फिल्म यंत्रात कधीच ठार स्थिर बसत नाही. उजेडाच्या ज्वाळा तर तिने स्वतः पिकवल्या होत्या. एका जुन्या कॅमेऱ्यात फिल्म घालायची, भिंगाला झाकण लावायचं आणि उन्हात कॅमेऱ्याचं मागचं दार केसभर उघडायचं. काळ्या फिल्मवर कडेने नारिंगी जाळ उमटायचा. तो चित्रावर चढवला की काळं नाहीसं होतं आणि जाळ तेवढा उरतो. तोही कुठेही नाही चढवायचा. रीळ घालताना आणि काढताना त्याला उजेड लागतो, म्हणून जाळ रिळाच्या सुरुवातीला आणि शेवटाला. मध्येच भडकला तर समजावं, करणारा अडाणी आहे.

हे सगळं ज्ञान आलं अण्णांकडून. अण्णा म्हणजे तिचे वडील, वय अठ्ठ्याहत्तर. पूर्वी फिल्म लॅबमध्ये सफाई खात्यात होते. सफाई म्हणजे फरशीची नव्हे, फिल्मची. पांढरे हातमोजे घालून, मऊ कापडावर औषध घेऊन, हजारो फूट फिल्म बोटांतून सरकवायची. अण्णांना अंधारात बोटाने कळायचं, कुठे ओरखडा आहे आणि कुठे नुसता कण. घरात बोलताना सुद्धा तीच भाषा. पाहुणा जास्त बसला की म्हणायचे, "खिडकीतला केस आहे हा, शॉट संपेपर्यंत हलायचा नाही."

पण अण्णांचं नाव लॅबमध्ये सफाईसाठी घेतलं जात नव्हतं. पस्तीस वर्षांपूर्वी सफाईच्या खोलीला आग लागली. ते औषध पेट घेणारं, खोली पाच मिनिटांत संपली. अण्णांचा जिवलग मित्र पैलवान आत रिळं वाचवायला धावला आणि उजवा हात कोपरापर्यंत भाजून बाहेर आला. छपाईच्या यंत्रावरचा एक नंबरचा माणूस, त्याचा हातच गेला. चौकशी झाली. ठरलं असं, की अण्णा जळती सिगारेट घेऊन आत गेले. अण्णा घसा फोडून सांगत राहिले, सिगारेट मी वर्षापूर्वीच सोडली, सुकवणीच्या कपाटाची तार जळकी आहे असं मी तीनदा लिहून दिलंय. ते तीन कागद कुणाला सापडले नाहीत. नोकरी गेली. आणि पैलवानाने त्या दिवसापासून अण्णांशी बोलणं टाकलं, ते टाकलंच. दोघं एकाच बाजारात भाजी घ्यायचे. पैलवान डाव्या हाताने पिशवी धरून समोरून यायचा आणि अण्णांच्या अंगावरून नजर पुढे न्यायचा.

"जगाला काय वाटायचं ते वाटू दे," अण्णा म्हणायचे. "त्या एकट्याला कळलं ना, की माझ्या हातून नाही झालं, की मी सुटलो." एवढंच मागणं होतं म्हाताऱ्याचं. त्या एका माणसाला कळावं.

म्हणून दादा जेव्हा पुढच्या खोलीतून धावत आला आणि म्हणाला, "धूळे, आतोबांचं ग्रहण सुटलं म्हणून समज," तेव्हा तिने हातातला कप खाली ठेवला.

लॅब केव्हाच बंद पडली होती. इमारतीत आता कचेऱ्या होत्या. पण लॅबला साठ वर्षं झाली म्हणून थोरल्या मालकांचा मुलगा, सगळे त्याला छोटे मालक म्हणायचे, लॅबवर माहितीपट काढणार होता. जुन्या कामगारांच्या मुलाखती, आगीचा प्रसंग, सगळं. "आग कशी लागली ते खरं खरं दाखवणार आहेत," दादा म्हणाला. "तारेचं सुद्धा. आतोबांची मुलाखत घ्यायचीय. आणि काही शॉट नव्याने शूट केलेत, त्या काळचं वातावरण म्हणून. ते तू जुने करायचे. खाली पट्टी येणारच, नाट्यरूपांतर म्हणून."

"नक्की येणार ना पट्टी?"

"अगं, माझ्यावर सुद्धा भरवसा नाही?"

झालं. ती मागच्या खोलीत कामाला गेली.

मुलाखतीच्या दिवशी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून दोन तास आधी तयार. कॅमेऱ्यासमोर पाऊण तास बोलले. तारेचं बोलले, तीन कागदांचं बोलले, पैलवानाच्या हाताचं बोलताना मात्र अडखळले. घरी आल्यावर त्यांनी कपाटाच्या तळातून एक पत्र्याची डबी काढली. आत कोऱ्या पारदर्शक फिल्मची पट्टी, पाच मीटरभर. लॅब सोडताना एवढंच आणलं होतं त्यांनी. सफाई झाल्यावर यंत्रात चाचणीसाठी फिरवायची ती पट्टी, वर्षानुवर्षं फिरलेली, तिच्यावर लॅबची सगळी धूळ बसलेली.

"ही लाव," ते म्हणाले. "दुसरी कुठली नको. आमच्या लॅबची गोष्ट आहे, धूळ पण आमचीच असू दे."

आयुष्यात कुणाच्या कामावर ओतला नसेल एवढा जीव तिने त्या शॉट्सवर ओतला. सव्वा मिनिटाचा ऐवज होता. लॅबचं अंगण, पायऱ्यांवर बसलेले चार-पाच कामगार, त्यातला एक पाठमोरा, डोक्यावर टोपी, बोटांत सिगारेट. मग सफाई खोलीचं दार, अर्धवट उघडं. ती पाठ तिने ओळखली, टोपी तर अण्णा तेव्हा घालायचे तशीच. तिने दादाला विचारलं, तर तो म्हणाला, "अगं, चौकशीत काय आरोप झाला ते आधी दाखवतील, मग खोडून काढतील. आरोपच दाखवला नाही तर खोडायचं काय?" तिला ते पटलं. तुम्हालाही पटलं असतं.

अण्णांची पट्टी तिने स्कॅन केली. पांढऱ्यावर काळे कण, हे बरोबर होतं. निगेटिव्हवर धूळ बसली तर छापलेल्या चित्रात ती पांढरी दिसते, पण थेट कॅमेऱ्यातून निघालेल्या फिल्मवर काळीच. आणि हे शॉट थोरल्या मालकांनी हौसेने घेतल्यासारखे दिसायचे होते, म्हणजे काळीच हवी. पट्टी भरली अर्ध्या मिनिटाची. शॉट सव्वा मिनिटाचे. मग उरलेल्या भागावर तीच धूळ तिने डावी-उजवी उलटून लावली, शेवटी खाली-वर उलटून. सगळेच करतात. एका फ्रेमचा कण कोण लक्षात ठेवतो? एरवी ती कोपऱ्यात कुठेतरी एखादा रंग मुद्दाम चुकीचा सोडायची, आपल्या कामाची खूण म्हणून. या वेळी तिने काही सोडलं नाही. अण्णांसाठी होतं ना.

शनिवारी दुपारी चारला खेळ. जुन्या छपाई विभागाचा हॉल, रांगेने खुर्च्या, शेवटी चहाचं टेबल. सत्तर-ऐंशी माणसं असतील, बहुतेक पांढऱ्या केसांची. अण्णा तिसऱ्या रांगेत, धूळताई शेजारी, दादा पलीकडे. पैलवान पहिल्या रांगेच्या टोकाला बसला होता, उजवी बाही रिकाम्या हातमोज्यासारखी मांडीवर. अण्णा पडद्याकडे कमी आणि त्याच्या मानेकडे जास्त बघत होते.

आगीचा भाग आला. निवेदकाचा जाडाभरडा आवाज म्हणाला, "त्याच आठवड्यात थोरल्या मालकांनी स्वतःच्या कॅमेऱ्याने टिपलेलं हे रीळ नुकतंच एका कपाटात सापडलं."

आणि पडद्यावर तिचा जाळ भडकला. सुरुवातीला, जिथे भडकायला हवा तिथेच. लालसर अंगण, डुलणारं चित्र, टपटप कण. पाठमोरा माणूस झुरका मारतो. उठतो. सफाई खोलीचं अर्धवट उघडं दार. खाली पट्टी नाही. तिने डोळे फाडून बघितलं, पट्टी नाही. मग अण्णांचा चेहरा आला, पाऊण तासातलं एकच वाक्य ठेवलं होतं. "चूक शेवटी माणसाकडूनच होते." त्याच्या पुढे ते म्हणाले होते, 'पण इथे चूक तारेची होती, आणि तार बदलली नाही ती माणसं वेगळी.' ते गेलं कात्रीत. लगेच पैलवानाच्या भाजलेल्या हाताचा फोटो, आणि संगीत.

तिने दादाकडे बघितलं. दादा फोनवर बोट फिरवत होता. फोन बंद होता.

दिवे लागल्यावर तिने त्याला जिन्यात गाठलं. "पट्टी कुठाय?"

"हळू बोल."

"पट्टी कुठाय, दादा?"

"त्यांना नको होती. म्हणाले, रसभंग होतो."

"तुला कधीपासून ठाऊक?"

दादाने जिन्याच्या कठड्यावरची नसलेली धूळ पुसली. "महिना झाला असेल. हे बघ, आतोबांचं नाव घेतलंय का कुठे? पाठमोरा माणूस आहे, कुणीही असू शकतो. थोरल्यांवर तारेचा ठपका आला असता, तो मुलगा तरी कसा दाखवणार? आणि ऐक, त्यांच्याकडे जुन्या फिल्मांचं अख्खं गोदाम आहे. ते सगळं साफसूफ करायचं काम आपल्याला मिळतंय. दहा वर्षं बघायला नको. मी काय एकट्यासाठी केलं? तुझ्यासाठी पण केलं."

"माझ्यासाठी!" ती म्हणाली. शिव्या तिला येत नव्हत्या, नाहीतर त्या दिवशी बऱ्याच कामी आल्या असत्या. ज्या हाताने डबा पुढ्यात ठेवला, त्याच हाताने हे, एवढंच तिच्या डोक्यात घुमत राहिलं. अठरा वर्षं ती आतल्या खोलीत बसून नव्याचं जुनं करत होती आणि बाहेरच्या खोलीत हा माणूस काय करतो, हे तिने एकदाही डोकावून पाहिलं नव्हतं.

ती हॉलमध्ये परतली तर अण्णांभोवती चार जुने सोबती. कुणी पाठीवर हात ठेवतोय, कुणी म्हणतोय, "जाऊ दे हो, झालं गेलं. आम्ही केव्हाच विसरलो." माफी देत होते लेकाचे, चहा पीत पीत. अण्णा मान हलवत होते. तिला वाटलं, आता संतापतील, ओरडतील, कपबशी फेकतील. अण्णा तिच्याजवळ आले आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "फिल्म खरी आहे गं."

"अण्णा..."

"मला विचार ना. तू जुने केलेले शॉट वेगळे असतील, हे थोरल्यांचं रीळ. आमच्या लॅबची धूळ आहे ती. डोळे मिटून ओळखीन."

तेव्हाच सांगायला हवं होतं. हजारदा तिने नंतर स्वतःला हेच सुनावलं. पण आजूबाजूला माणसं, पैलवान दहा पावलांवर उभा, आणि सांगायचं काय? की तुमचीच पट्टी, मीच लावली? बसमध्ये सांगू, तिने ठरवलं. बसमध्ये अण्णा खिडकीला डोकं टेकून बसले. घरी सांगू म्हणाली, तर घरी आल्यावर ते न जेवता पडून राहिले, भिंतीकडे तोंड करून. सकाळी सांगू. डोकं शांत झालं की सांगू. माणूस भित्रा असला की त्याला सकाळ फार आवडते.

सकाळी ती आंघोळ करून बाहेर आली तेव्हा अण्णा टीव्हीसमोर बसले होते. हॉलमध्ये सगळ्यांना पिशवीतून माहितीपटाची डीव्हीडी दिली होती, ती त्यांनी लावली होती. अंगण, पायऱ्या, पाठमोरा माणूस. संपलं की मागे. परत अंगण.

"आठवतच नाही मला," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "या पायऱ्यांवर आम्ही बसायचो. टोपी माझीच. म्हणजे मी ओढली असणार. पण सोडली होती की मी. सोडली होती ना? तुझी आई असती तर तिने सांगितलं असतं." ते अजून पुढे झुकले. "पस्तीस वर्षं मी लोकांशी भांडलो. आणि माणूस स्वतःशीच खोटं बोलत असेल तर?"

"अण्णा, थांबा. मला तुम्हाला..."

"थांब, थांब. तूच थांब." त्यांचा हात वर गेला. "मागे घे जरा. अजून मागे. आता एकेक फ्रेम पुढे."

तिने रिमोट घेतला. पाठमोऱ्या माणसाच्या खांद्याजवळ एका फ्रेममध्ये पाच कण उमटले, ओळीत, शेवटचा जरा वाकडा.

"हे बघितलं? आता दाराच्या शॉटला जा."

ती गेली. दाराच्या चौकटीवर पाच कण, ओळीत, शेवटचा जरा वाकडा. फक्त आता उजवीकडून डावीकडे.

अण्णांनी पडद्यावर त्या पाच कणांवरून बोट फिरवलं. आयुष्यभर बोटांतून फिल्म सरकवलेला माणूस, त्याला कुणी शिकवायचं? धूळ दोनदा तीच पडत नाही, आणि आरशात बघून तर मुळीच पडत नाही. ते तिच्याकडे वळले.

"माझी पट्टी."

"हो."

"हे अंगण कधीचं?"

"फेब्रुवारीतलं. या फेब्रुवारीतलं. तो माणूस नट आहे, अण्णा. खाली पट्टी येणार होती, दादा म्हणाला होता. मला खरंच वाटलं की ते तुमच्या बाजूने..."

"काल हॉलमध्ये तुला ठाऊक होतं?"

"हो."

"रात्रीही?"

तिने मान हलवली. तिला वाटलं, आता थोबाडीत मारतील तर बरं होईल. अण्णा उठले, पुन्हा बसले. मग एकदम म्हातारे दिसायला लागले, म्हणजे म्हातारे होतेच, पण आता दिसायला लागले.

"मी सात वाजता पैलवानाला फोन केला," ते म्हणाले. "म्हटलं, तुझं बरोबर होतं. माझ्याच हातून झालं, माफ कर. पस्तीस वर्षांनी बोलला गं तो माझ्याशी. रडला. म्हणाला, एवढं ऐकायला जिवंत होतो."

धूळताईने फोन घेतला. मूळ शॉट दाखवायचे, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. निळं आकाश, अंगणात उभ्या आजच्या गाड्या तिने पुसल्या होत्या त्या, सगळं मूळ डिस्कवर होतं. तिने दादाला फोन लावला. दादा म्हणाला, "डिस्क कालच छोट्या मालकांकडे गेली, करारातच होतं ते." मग म्हणाला, "धूळे, तू जेवलीस का?" तिने फोन कापला.

मग तिने पैलवानाचा नंबर फिरवला. अण्णा समोर बसून तिच्या तोंडाकडे बघत होते, लहान मूल निकालाकडे बघतं तसे. तिने सगळं सांगितलं. नट, अंगण, पट्टी, उलटी धूळ, दादा, छोटे मालक. न थांबता सांगितलं. पलीकडे पैलवानाने सगळं ऐकून घेतलं.

"झालं तुझं?" तो म्हणाला. आवाज प्रेमळ होता. "पोरी, तू त्या धंद्यात आहेस. लोक सांगतात, तुझ्या हातात जादू आहे म्हणून. नव्याचं जुनं करतेस, उद्या जुन्याचं नवं करून दाखवशील. बापासाठी कोण नाही करणार?"

"काका, मी शपथ घेते..."

"नको. मी डोळ्यांनी बघितलंय, आणि त्याने तोंडाने कबूल केलंय. आता त्याला पुन्हा फिरवू नकोस. मी त्याला माफ केलंय, सांग त्याला. पुढच्या रविवारी घरी घेऊन ये. चहा पिऊ."

फोन ठेवल्यावर अण्णांनी विचारलं, "काय म्हणाला?"

ती म्हणाली, "रविवारी चहाला बोलावलंय."

अण्णांचा चेहरा उजळला. "म्हणजे पटलं त्याला?"

तिने हो म्हणून सांगितलं.